नाटकाच्या प्रयोगाचं कॅप्शन कसं लिहायचं: पहिल्यांदाच पोस्ट टाकणाऱ्यांसाठी

आमच्या हौशी ग्रुपच्या पहिल्या तिकीट लावलेल्या प्रयोगाला पोस्टर वर माझा नंबर होता, आणि कॅप्शन पण मीच लिहिलं होतं. कॅप्शन मध्ये नाटकाबद्दल भरभरून लिहिलं होतं, नात्यांची गुंतागुंत, मनाचा ठाव वगैरे, आणि खाली एका ओळीत तारीख आणि नाट्यगृह. त्या आठवड्यात मला इतके फोन आले की मी शेवटी वही घेऊन बसले आणि प्रत्येक फोनला काय विचारलं ते लिहायला लागले. किती वाजता सुटतं? बाल्कनी आहे का? खिडकीवर तिकीट कधीपासून? तीनशेचं तिकीट म्हणजे कितवी रांग? अमुक अमुक आहेत ना त्यात? पाच सहा प्रश्नच फिरून फिरून येत होते आणि त्या एकाचंही उत्तर माझ्या कॅप्शन मध्ये नव्हतं. तेव्हापासून मी कॅप्शन त्या वहीवरून लिहिते. ज्या प्रश्नासाठी फोन येतो तो प्रश्न कॅप्शन मधून राहिलेला असतो, इतकं साधं आहे ते.

फोन करणारा तरी करतो. जो करत नाही तो दुसरं नाटक बघायला जातो, आणि पुण्यात शनिवार रविवारी दुसरं नाटक असतंच. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय, एखाद्या नवीन ग्रुपचं पोस्टचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर उपयोगी पडेल.

लिहायला बसण्याआधी हे हाताशी ठेवा

- नाट्यगृहाच्या बुकिंगची पावती किंवा पत्र (तारीख आणि सत्र त्यावरूनच घ्यायचं, ग्रुपवरच्या मेसेज वरून नाही)
- श्रेयनामावली, दिग्दर्शकाने किंवा निर्मात्याने बघून ओके केलेली, लेखी
- या प्रयोगाला कोण कोण उभं राहणार आहे त्याची यादी
- नाट्यगृहाचा सीटिंग प्लॅन आणि त्यावर कुठल्या रांगेला कुठला दर लावलाय ते
- ऑनलाइन बुकिंगची लिंक, स्वतः उघडून बघितलेली
- तिकीट खिडकी कधी उघडते कधी बंद होते ती वेळ
- ज्याचा नंबर देणार त्याची परवानगी, आणि तो किती ते किती फोन घेईल ते

यातलं एक जरी हाताशी नसेल तर अंदाजाने लिहू नका, तेवढ्यासाठी पोस्ट अर्धा दिवस थांबली तरी चालेल.

१. पहिल्या दोन ओळीत वार, तारीख, वेळ आणि नाट्यगृह

इन्स्टावर कॅप्शनच्या पहिल्या एक दोन ओळीच दिसतात, बाकीचं more च्या मागे जातं, आणि ते दाबणारे कमीच. व्हॉट्सअ‍ॅप वर पण लांब मेसेज मध्येच कापला जातो. आपल्याला वाटतं की आधी उत्सुकता निर्माण करू, एखादा संवाद टाकू, मग माहिती देऊ. पण बघणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न "कधी आहे आणि कुठे आहे" हाच असतो, शनिवारी तो मोकळाच नसेल तर संवाद कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

वेळ लिहिताना नुसतं १२.३० किंवा ९.३० लिहू नका. दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३०, रात्री ९.३० असं पूर्ण लिहा. नाटकाची जी नेहमीची सत्रं आहेत ती नाटकवाल्यांना पाठ असतात, पण पहिल्यांदा नाटकाला येणाऱ्या आयटीतल्या मुलाला ९.३० म्हणजे सकाळचे की रात्रीचे हे खरंच कळत नाही, त्याला सकाळी साडेनऊला होणारे कार्यक्रम माहीत असतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि कॅलेंडर काढून दोन्ही जुळतात का बघा. वार चुकला तर अर्धे लोक वारावर विश्वास ठेवतात अर्धे तारखेवर.

आणि "उद्या", "येत्या शनिवारी", "या वीकेंडला" हे शब्द कॅप्शन मध्ये अजिबात नकोत. मी एकदा प्रयोगाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप वर "उद्या संध्याकाळी साडेपाच" असं टाकलं होतं. तो मेसेज फिरत फिरत एका सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी पोचला, आणि तिथल्या एक आजी आणि त्यांची सून प्रयोग होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात उभ्या. त्यांनी तिथून फोन केला होता, मागे रिक्षाचा आवाज येत होता, आणि आजी सारखं विचारत होत्या की "अगं पण उद्या म्हणजे आजच ना?" मला काय बोलावं ते सुचेना. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पंधरा मिनिटांनंतर एडिट होत नाही आणि पुढे गेलेला तर आपल्या हातातच राहत नाही, म्हणून त्यात तारीखच हवी.

नाट्यगृहाचं नाव पूर्ण आणि सोबत भाग. हे आपल्याला फालतू वाटतं कारण पुण्यात "बालगंधर्वला", "भरतला", "यशवंतरावला" एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं. पण आचार्य अत्रे रंगमंदिर पिंपरीत पण आहे आणि कल्याणला पण आहे. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे आणि मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटर. नुसतं नाव मॅप वर टाकलं की कधी कधी भलतंच समोर येतं. शिवाय पुण्यात नवीन आलेला माणूस टिळक रोड वर टिळक स्मारक शोधत असतो तेव्हा त्याला "टिळक स्मारक मंदिर, टिळक रस्ता" असं पूर्ण लिहिलेलं असलं की जीव भांड्यात पडतो.

२. सुटायची वेळ

ही ओळ मी बहुतेक कॅप्शन मध्ये बघत नाही आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न आहे. "किती वाजता सुटतं?" ज्येष्ठ नागरिक विचारतात कारण घरी न्यायला मुलगा येणार असतो. पिंपरी चिंचवड कडून येणारे विचारतात कारण मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते. साडेनऊचा प्रयोग अडीच तासांचा असेल तर सुटायला बारा वाजतात, म्हणजे परतीला मेट्रो नाही, हे त्याला तिकीट काढायच्या आधी कळायला हवं.

म्हणून एवढंच लिहा: कालावधी २ तास २० मिनिटं, एक मध्यांतर धरून. हा आकडा तालमीतला घेऊ नका, तालमीत मध्यांतर नसतं आणि हशा टाळ्यांचा वेळ पण नसतो. आधीच्या प्रयोगाला कोणीतरी घड्याळ लावलं असेल तर तो आकडा, पहिलाच प्रयोग असेल तर रंगीत तालमीचा वेळ अधिक मध्यांतर अधिक दहा मिनिटं. मध्यांतर नसेल तर ते पण स्पष्ट लिहा, "सलग ९० मिनिटं, मध्यांतर नाही". डायबेटिस वाल्यांना आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना त्याचा फरक पडतो.

३. कलाकार: दोन किंवा तीन नावं, आणि ती या प्रयोगाला असलेलीच

इथे सगळ्यात जास्त भानगडी होतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, कॅप्शन म्हणजे श्रेयनामावली नाही. दहा बारा जणांची नावं एका दमात लिहिली की वाचणारा एकही नाव वाचत नाही. वरती ठळक दोन तीन नावं घ्या आणि त्यांच्या पुढे ते नाटकात कोण आहेत ते अर्ध्या ओळीत लिहा. "निवृत्त पोस्टमास्तरांच्या भूमिकेत अमुक" असं लिहिलं की अनोळखी नावाला पण चेहरा येतो, आणि हौशी ग्रुपमध्ये बहुतेक नावं लोकांना अनोळखीच असतात. बाकी पूर्ण नावं खाली, लेखक दिग्दर्शक नेपथ्य प्रकाश संगीत वेशभूषा रंगभूषा सगळं, पण ते बुकिंगच्या माहितीच्या खाली. ते वगळू मात्र नका, बॅकस्टेज करणारा मुलगा आठ दिवस सेट रंगवत असतो आणि स्वतःचं नाव शोधायला ती पोस्ट उघडतो.

दुसरी गोष्ट क्रम. वरची दोन तीन नावं कोणाची हे पोस्ट लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही, दिग्दर्शकाला किंवा निर्मात्याला विचारायचं. खालच्या यादीसाठी "रंगमंचावरील प्रवेशानुसार" ही पद्धत मला सगळ्यात सोपी वाटते, तेवढे शब्द यादीच्या डोक्यावर लिहिले की कुणाला वर खाली झाल्याचं वाईट वाटत नाही.

तिसरी आणि महत्त्वाची, रिप्लेसमेंट. समजा मूळ संचातल्या अभिनेत्रीचं त्या तारखेला शूटिंग आहे आणि दुसरी कोणी उभी राहणार आहे. जुनं कॅप्शन कॉपी करून फक्त तारीख बदलली की जुनं नाव तसंच राहतं. प्रेक्षक त्या नावासाठी तिकीट काढून येतो आणि पहिल्या प्रवेशातच त्याला कळतं. मध्यांतरात खिडकीवर वाद होतो तो यामुळे, आणि त्यात त्या बदली अभिनेत्रीचा काहीही दोष नसताना तिच्या कामाकडे लोक रागाने बघतात, हे मला फार लागतं. म्हणून कॅप्शन लिहिताना आदल्या प्रयोगाची पोस्ट उघडूच नका, या प्रयोगाची यादी बघूनच लिहा. बदल आयत्या वेळी झाला तर कॅप्शन एडिट करा आणि त्या कलाकाराचं नाव घेऊन वेगळी स्टोरी टाका.

तसंच आवाजाचं. एखाद्या ओळखीच्या नटाने फक्त रेकॉर्ड केलेलं निवेदन दिलं असेल तर त्याचं नाव "आवाज" किंवा "निवेदन" असंच आलं पाहिजे. "विशेष सहभाग" असं मोघम लिहिलं तर लोक त्याला रंगमंचावर बघायला येतात.

४. तिकीट: तीन रस्ते असतील तर तीन ओळी

ऑनलाइन, नाट्यगृहाची खिडकी आणि फोन, हे तीन रस्ते. "तिकिटे सर्वत्र उपलब्ध" हे वाक्य वापरू नका, त्यातून काहीच कळत नाही.

ऑनलाइन असेल तर कुठे ते नावानिशी लिहा, बुकमायशो की तिकिटालय, आणि तिथे नाटक कुठल्या नावाने सापडतं ते स्वतः शोधून बघा, कारण अ‍ॅपवर नाव कधी इंग्रजी स्पेलिंगने टाकलेलं असतं आणि मराठीत शोधणाऱ्याला मिळत नाही. इन्स्टाच्या कॅप्शन मधली लिंक दाबता येत नाही, ती बायोमध्ये किंवा स्टोरीत टाकावी लागते. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप वर ती दाबता येते. म्हणजे एकच कॅप्शन तिन्हीकडे चिकटवायचं नाही, ही एक ओळ तरी बदलायची. ऑनलाइनला वरून सुविधा शुल्क लागत असेल तर "अधिक शुल्क" एवढे दोन शब्द घाला.

खिडकीची वेळ नाट्यगृहात विचारूनच लिहा. बऱ्याच ठिकाणी ती सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी असते, दुपारी बंद. कोणी ऑफिसच्या लंच मध्ये उन्हातून गाडी काढून येतं आणि खिडकी बंद. खिडकीवर प्लॅन कुठल्या तारखेपासून लागणार ती तारीख पण लिहा.

फोन नंबर इंग्रजी आकड्यात टाका. देवनागरी आकड्यातला नंबर अनेक फोनवर दाबून लागत नाही आणि कॉपी करून पण जमत नाही. नंबर पुढे वेळ लिहा, "सकाळी १० ते रात्री ८", नाहीतर रात्री साडेअकराला फोन येतो. आणि फोन वर तिकीट पक्कं कधी धरायचं तेही लिहा. आम्ही पैसे आल्याशिवाय सीट धरत नाही, तसं कॅप्शन मध्ये स्पष्ट असतं, त्यामुळे "मी सांगितलं होतं की चार ठेवा" हा वाद होत नाही.

अजून एक, आम्ही प्लॅनच्या काही रांगा ऑनलाइनला देतो काही खिडकीला ठेवतो. ऑनलाइनच्या संपल्या की लोक समजतात हाऊसफुल्ल. तसं झालं की कॅप्शन मध्ये लगेच भर घाला, "ऑनलाइन संपली, खिडकीवर आहेत".

५. सीटिंग: दरापुढे रांग, आणि बाल्कनी हा शब्द

"तिकीट दर ४००, ३००, २००" हे अर्धवट आहे. २०० म्हणजे बाल्कनी हे आपल्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला नसतं. तो दोनशेचं काढतो, सोबत गुडघे दुखणारी आई असते, आणि नाट्यगृहात आल्यावर जिना दिसतो. म्हणून प्रत्येक दरापुढे कुठून कुठपर्यंत रांग ते आणि बाल्कनीला "जिना चढून" हे शब्द. प्लॅनवर रांगांना जी अक्षरं आहेत तीच वापरा, आणि बाल्कनीच्या रांगांची अक्षरं खालच्या रांगांसारखीच तर नाहीत ना ते बघा, तसं असेल तर प्रत्येक वेळी "बाल्कनी" हा शब्द जोडून लिहा नाहीतर एकाच सीटवर दोन माणसं.

"₹२०० पासून पुढे" हे मी लिहित नाही. बाल्कनी पहिल्या दिवशी संपली तरी पोस्ट वर २०० दिसत राहतं आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

छोट्या जागेत, म्हणजे शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा टिळक रस्त्यावरचं श्रीराम लागू रंग-अवकाश अशा ठिकाणी प्रयोग असेल तर आधी ठरवून घ्या की नंबर लावणार की येईल तसं बसवणार. नंबर नसतील तर कॅप्शन मध्ये तसं लिहा आणि दार कधी उघडणार ती वेळ द्या, म्हणजे चौघांना एकत्र बसायचं असेल तर ते लवकर येतात. उशिरा येणाऱ्यांना आत सोडणार नसाल तर ते देखील इथेच लिहा, दारावर सांगायला गेलं की भांडण होतं.

६. सगळं जोडून एक नमुना

समजा नाटक "मागचं दार", बालगंधर्वला संध्याकाळचा प्रयोग. नाव, दर, रांगा सगळं उदाहरणासाठी. पहिल्या वेळी एका नवीन मुलाने मला असं लिहून पाठवलं होतं:

> एक घर, एक दार आणि अनेक रहस्यं... येत्या शनिवारी घेऊन येत आहोत एक अविस्मरणीय अनुभव! सगळ्यांचे लाडके कलाकार! तिकिटे ₹२०० पासून. त्वरा करा!

यात वाचणाऱ्याच्या सहा प्रश्नांपैकी एकाचंही धड उत्तर नाही. आम्ही बसून ते असं केलं:

> शनिवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०
> बालगंधर्व रंगमंदिर, जंगली महाराज रस्ता, पुणे
>
> दोन अंकी नाटक "मागचं दार"
> वाडा पाडायच्या आदल्या रात्री दोन भावांना मागच्या दाराची किल्ली सापडते.
>
> थोरल्या भावाच्या भूमिकेत (नाव), धाकटा (नाव), आणि शेजारच्या काकू (नाव)
> लेखन (नाव), दिग्दर्शन (नाव)
>
> कालावधी २ तास २० मिनिटं, एक मध्यांतर. साधारण ७.५० ला सुटेल.
>
> दर: ₹४०० रांग A ते H, ₹३०० रांग I पासून मागे, ₹२०० बाल्कनी (जिना चढून)
>
> ऑनलाइन: लिंक बायोमध्ये (अधिक शुल्क)
> खिडकी: बालगंधर्व, सोमवार १६ नोव्हेंबरपासून, (विचारून घेतलेली वेळ)
> फोन: (नंबर), सकाळी १० ते रात्री ८. पैसे जमा झाल्यावर सीट पक्की.
>
> जवळची मेट्रो: छत्रपती संभाजी उद्यान
>
> (खाली पूर्ण श्रेयनामावली)

कथेला एकच ओळ दिलीय पण त्यात दोन भाऊ, वाडा आणि किल्ली आहे, आणि पुण्यातल्या माणसाला वाडा पाडणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. "अविस्मरणीय" आणि "त्वरा करा" दोन्ही काढले, ते काढल्याने एकही तिकीट कमी गेलं नाही. हॅशटॅग टाकायचे तर नाटकाचं नाव सलग लिहा, #मागचंदार असं, मध्ये स्पेस किंवा पूर्णविराम आला की टॅग तिथेच तुटतो.

व्हॉट्सअ‍ॅपला हेच पाठवताना बायोच्या जागी खरी लिंक, आणि तारखेच्या ओळीला दोन्ही बाजूला `*` लावा म्हणजे ती ठळक दिसते. पोस्टर सोबत पाठवताय म्हणून मजकूर गाळू नका, पोस्टर वरची अक्षरं फोनवर बारीक दिसतात आणि त्यावरचा नंबर दाबता येत नाही.

७. टाकायच्या आधी फोनवर वाचून दाखवा

आपल्या नाटकाशी संबंध नसलेल्या माणसाला फोन लावा आणि कॅप्शन एकदा वाचून दाखवा. मग विचारा, कधी आहे, कुठे आहे, कितीला सुटेल, बाल्कनी केवढ्याला, तिकीट कुठून काढशील. मी माझ्या मावशीला लावते, ती सिंहगड रोडला राहते आणि नाटकाला नेहमी जाते. जिथे ती अडते ती ओळ बदलायची. समोरून वाचताना डोळा मागे जाऊन उत्तर शोधतो, कानाने ऐकताना तसं होत नाही, म्हणून वाचायला न देता ऐकवायचं.

टाकल्यावर दोन दिवस फोन आणि कमेंट मधले प्रश्न वहीत लिहीत राहा. एकच प्रश्न तीन जणांनी विचारला की कॅप्शन एडिट करून ती ओळ घाला. वर दिलेल्या नमुन्यातली "जवळची मेट्रो" ही ओळ अशीच नंतर आली, आधी नव्हती. गेल्या प्रयोगाला वहीत दोनच प्रश्न नवीन आले, दुचाकी कुठे लावायची आणि व्हीलचेअर आत जाते का, दुसऱ्याचं उत्तर मी अजून नाट्यगृहात जाऊन विचारलेलं नाही, या आठवड्यात जाणार आहे.